सहा किलो मिरच्या आणि राहिलेली सही

प्रश्न : भावा-बहिणीच्या वाटणीवर दोन अंकी वास्तववादी नाटक लिहितोय. घर कोल्हापुरातलंच. वाचनानंतर दिग्दर्शक म्हणाले, पात्रं मनातलं सगळंच बोलून टाकतात. मी संवाद कापले, तर आता ऐकणाऱ्यांना काही कळेनासं झालंय. आणि मुळात आपली माणसं तोंडावर बोलणारी. ती अशी आतल्या आत ठेवतील हे पटेल का?

उत्तर :

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्याच्यावरच अडलंय असं मला वाटतं.

कोल्हापूरचा माणूस तोंडावर बोलतो हे निम्मं खरं आहे. कट्ट्यावर मित्राला शिव्या घालून हाक मारणारा माणूस त्याच मित्राला उसने दिलेले वीस हजार परत मागायला तीन महिने लावतो. रोज भेटतो, चहा पाजतो, ‘काय भावा, गायबच झालायस’ म्हणतो. त्या ‘गायब’मध्ये वीस हजार आहेत हे दोघांनाही माहीत असतं, आणि दुसरा ‘कामात हाय रे जरा’ म्हणतो तेव्हा तोही पैशांबद्दलच बोलत असतो. म्हणजे आवाज मोठा, शब्द भरपूर, आणि मुद्दा तेवढा बाजूला ठेवलेला. आपल्याकडे माणूस गप्प बसून लपवत नाही, बोलून लपवतो. ‘जेवल्याशिवाय जायचं न्हाई’ हा आग्रह कित्येक घरांत दुसरं काही बोलावं लागू नये म्हणून केलेला मी पाहिलाय.

तुम्ही संवाद कापलेत आणि अर्थ गेला, त्याचं कारण बहुधा हेच. तुम्ही बोलणं कमी केलंत. तुमच्या पात्रांना कमी बोलायची गरज नव्हती, दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायची गरज होती.

तुमचाच विषय मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका एकांकिकेत घेतला होता. तिची पहिली संहिता वाईट होती. ती कशी सुधारली तेच सांगतो. मंगळवार पेठेतलं जुनं घर. वडील, म्हणजे आबा, जाऊन वर्ष झालेलं. धाकटी बहीण शालन इचलकरंजीला दिलेली, नवऱ्याचे यंत्रमाग. थोरला भाऊ आबांच्या घरात राहतो आणि त्याला बहिणीची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. पहिल्या खर्ड्यात मी असं लिहिलं होतं :

दादा : शालन, आबा जाऊन वर्ष झालं. आता घर माझ्या नावावर करायला पाहिजे. तू हक्कसोडपत्रावर सही कर.
शालन : दादा, आमचे माग बंद पडलेत. मला पैशाची गरज आहे. मला माझा वाटा पाहिजे.
दादा : बहीण असून वाटा मागतेस? आबांचं सगळं आम्ही केलं.
शालन : मुलगी म्हणून माझाही हक्क आहे.

कायद्याच्या दृष्टीनं यात खोट नाही. पण चार वाक्यांत दोघांनी आपापली बाजू मांडली, आता पुढची वीस मिनिटं ते हेच जास्त मोठ्यानं बोलणार. प्रेक्षकाला शोधायला काही उरलं नाही आणि नटाला करायलाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे खोटं वाटतं. वाटणीचा विषय खऱ्या घरात असा कधी निघतो का, ते आठवून पाहा. तो वर्षभर निघतच नाही. निघतो तेव्हा पातेल्यावरून, गाडीच्या पेट्रोलवरून, ‘त्या दिवशी फोन उचलला न्हाईस’वरून निघतो.

पुन्हा लिहायला बसण्याआधी मी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक पात्राचं एक वाक्य लिहिलं. त्यानं काहीही झालं तरी न बोलायचं वाक्य. ‘तो अस्वस्थ आहे’ असलं काही नको, अवतरणात टाकता येईल असं पूर्ण वाक्य हवं. आणि त्याच्याखाली, हे बोललं तर त्याचं काय तुटेल. ह्या दुसऱ्या ओळीला मला जास्त वेळ लागला, कारण पहिल्या खर्ड्यात ती मला ठाऊकच नव्हती.

शालनचं वाक्य : ‘मला माझा वाटा दे.’ बोलली तर माहेर तुटेल. वाटा मिळेल, पण त्यानंतर दिवाळीला ह्या घरात पाय ठेवता येणार नाही. ती कायद्याला घाबरत नाही, भाऊबीजेला घाबरते.

दादाचं वाक्य : ‘मी बिल्डरकडून विसार घेऊन बसलोय.’ नुसतं ‘सही कर’ हे वाक्य पुरेसं नव्हतं. बहिणीला न विचारता पैसे घेतले, त्यातले थोडे खर्चही झाले, हे त्याला तिच्या तोंडाकडे बघून सांगता येत नाही. सांगितलं तर आबांच्या जागी उभा असलेला थोरला भाऊ चोर ठरेल.

वहिनीचं वाक्य : ‘चार वर्षं अंथरुणावरचं सगळं मी काढलं, तुम्ही पाहुण्यासारख्या येऊन गेलात.’ हे बोलली तर केलेल्या सेवेची किंमत मागितल्यासारखं होईल.

तिघांचंही म्हणणं खरं आहे, हे इथं महत्त्वाचं. दादा नुसता लबाड असता तर तो गोष्ट टाळतोय असं वाटलं नसतं, डाव टाकतोय असं वाटलं असतं. प्रेक्षक डाव ओळखतो आणि खूश होतो, पण त्याला भावाची लाज दिसत नाही.

मग मला तिघांच्या हाताला काम हवं होतं. ते सापडलं चटणीत. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या आणायच्या, उन्हात टाकायच्या, देठ काढायचे, कांदा-लसूण-खोबरं भाजायचं आणि डंकावर नंबर लावून कुटून आणायची. माहेरवाशिणीचा डबा त्यातूनच भरतो. लेकीच्या वाट्याची चटणी कुणी कागदावर लिहीत नाही, पण किलो ठरवताना ती धरलेली असते. वाटणीचं नाटक मी अशा रीतीनं मिरच्यांच्या वजनात आणून ठेवलं. दुसरा खर्डा असा झाला. मागच्या दारी शालन आणि वहिनी सूप मध्ये घेऊन देठ काढत बसल्यात :

शालन : आपली चटणी यंदा किती किलोची, वैनी?
वहिनी : सहा.
शालन : सहा?
वहिनी : पोरं हल्ली तिखट खात न्हाईत.
शालन : आबा दहा आणायचे.
वहिनी : तवा मोजत कोण होतं?
(दादा येतो. सुपातली एक मिरची उचलतो, मोडतो, वास घेतो.)
दादा : संकेश्वरी झणका हाय बघ यंदा. दाजी काय म्हणतात?
शालन : बरे आहेत की.
दादा : माग?
शालन : चालू आहेत.
दादा : उद्या हाईस न्हवं?
शालन : सकाळच्या गाडीनं जावं म्हणतो.
दादा : सकाळी कुठं? अकराची वेळ घेतलीया.
शालन : कशाची?
दादा : डंकाची. अकराचा नंबर हाय. चटणी घिऊनच जा की.
शालन : सहा किलोत माझी कुठली निघायची?
दादा : आणू की आणखी. लक्ष्मीपुरी काय लांब हाय? तुझंच घर हाय हे.
(थोडा वेळ नुसते देठ.)
दादा : आधार कार्ड असतंय न्हवं गं पर्समध्ये?
शालन : असतंय. का?
दादा : न्हाई, असंच. हल्ली कुठंबी मागत्यात.
वहिनी : अहो, चहा ठेवू?
दादा : ठेव.
शालन : (सूप वहिनीकडं सरकवत) ह्यांचे देठ तसेच ऱ्हायलेत बघा. तुमची चटणी कडवट व्हायची.

हक्क, वाटा, घर नावावर करणं, सही, यातला एकही शब्द इथं नाही. तरी प्रयोगात ‘आधार कार्ड’ला दरवेळी प्रेक्षागृहात हालचाल व्हायची. ती का व्हायची ते सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर तिथंच आहे.

पहिल्या प्रयोगात ती होत नव्हती. हाच प्रवेश, हेच शब्द, आणि लोक मख्ख. एका बाईंनी नंतर येऊन विचारलं, “ती चिडली का? चटणी कमी केली म्हणून?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आधार कार्ड कशाला लागतं हे त्यांना कळायला मी वावच ठेवला नव्हता. म्हणून या प्रवेशाच्या आधी मी दोन अगदी छोटे तुकडे घातले. एकात दादा एजंटाशी फोनवर बोलतो, “विसार घेतलाय म्हणजे शब्द दिलाय, बहिणीची सही तेवढी ऱ्हायलीय, उद्या अकराची वेळ मिळालीय.” दुसऱ्यात शालन दाराशी उभी राहून नवऱ्याला फोनवर सांगते, “माग भंगारात घालू नका एवढ्यात. मी बघतो काय जमतंय ते.” दोन्ही अगदी सरळ, उघड वाक्यं.

माणूस सगळीकडे लपवत नाही. ज्याच्यापाशी बोलायला काही मोजावं लागत नाही त्याच्यापाशी तो स्पष्ट बोलतो. दादाला एजंटासमोर लाज नाही, शालनला नवऱ्यासमोर. तिथं त्यांना बोलू द्या, प्रेक्षकाला सगळं कळू द्या, आणि मग त्या दोघांना समोरासमोर आणा. आता प्रेक्षकाजवळ दोघांची गुपितं आहेत आणि ती दोघं एकमेकांना मिरच्यांबद्दल विचारतायत. ‘माग?’ ‘चालू आहेत.’ हे दोन शब्द त्याशिवाय नुसती चौकशी आहेत. फोननंतर ते खोटं बोलणं होतं, आणि खोटं बोलावं लागण्याचं कारणही प्रेक्षकाला माहीत असतं.

हे मला रशियन नाटककार चेखॉव्हकडून समजलं, पण उशिरा. त्याचं ‘द चेरी ऑर्चर्ड’ हे नाटक १९०४ चं. त्याच्या चौथ्या अंकात लोपाखिन आणि वार्या यांचा मागणीचा प्रसंग आहे, जिथं मागणी होतच नाही. घर विकलं गेलंय, सगळे निघालेत. वार्या सामानात काहीतरी शोधल्यासारखं करते. तो विचारतो, आता कुठं जाणार. मग थंडीबद्दल बोलतो, शून्याखाली तीन अंश आहे म्हणतो. ती म्हणते, मी पाहिलं नाही, आणि आमचा थर्मामीटर मोडलाय. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारतं आणि तो त्या हाकेचीच वाट बघत असल्यासारखा झटकन निघून जातो. ती गाठोड्यावर डोकं टेकून रडते. तरुणपणी मी ‘थर्मामीटर मोडलाय’ ह्या वाक्यावर खूश होऊन तसली तुटकी वाक्यं लिहीत सुटलो होतो. माझ्या लक्षात आलं नव्हतं की त्याच्या मिनिटभर आधी वार्याची मानलेली आई लोपाखिनला स्पष्ट सांगते, तिच्याशी लग्न कर, आणि तो स्पष्ट म्हणतो, आत्ता लगेच विचारतो. चेखॉव्हनं आधी उघड सांगितलंय, म्हणून तो थर्मामीटर वाजतो. नुसता थर्मामीटर उचलला तर हवामानाचं बोलणंच हाती लागतं.

आता वरच्या प्रवेशातल्या दोन-तीन जागा जवळून बघू.

‘सहा’. प्रवेशातला पहिला घाव हा आकडा आहे. तो वहिनीनं तोंडानं सांगायलाच हवा. सुपात मिरच्या किती ते शेवटच्या रांगेतून दिसत नाही. सिनेमात कॅमेरा सूप दाखवेल, नाटकात आकडा ऐकवावा लागतो. आणि ‘आबा दहा आणायचे’ यावर वहिनीचं ‘तवा मोजत कोण होतं?’ हे मला आवडणारं वाक्य आहे, कारण ते तिच्यापुरतं दोन ठिकाणी लागतं. वरवर अर्थ असा की तेव्हा हात सैल होता. तिच्या आत मात्र रात्री किती वेळा उठले ते कुणी मोजलं नाही, हे आहे. शालनला फक्त पहिला अर्थ ऐकू येतो. टाळलेली गोष्ट समोरच्याला चुकीची ऐकू गेली तरी चालते, उलट तिथूनच नाटक पुढे सरकतं.

‘अकराची वेळ घेतलीया.’ इथं दादा घसरला. निबंधक कार्यालयातली वेळ त्याच्या डोक्यात होती, तीच तोंडातून आली. मग त्यानं ती डंकाच्या नंबरात बसवली. असं घसरणं एका प्रवेशात एकदाच ठेवा. दोनदा घसरला तर फार्स होतो, लोक तिसऱ्याची वाट बघू लागतात. आणि सावरणं पटण्यासारखं हवं. उन्हाळ्यात डंकावर नंबर लागतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे शालनला त्याला पकडता येत नाही. प्रेक्षक पकडतो.

‘तुझंच घर हाय हे.’ आपल्या माणसाला असं कुणी म्हणतं का? पाहुण्याला म्हणतात. दादा प्रेमानंच म्हणतोय, पण ते वाक्य उच्चारताच बहीण पाहुणी झाली. हे मी लिहिलेलं नाही, आपल्या बोलण्याच्या रीतीतच आहे, मी फक्त जागेवर ठेवलं. मराठीत असली सामग्री घरात पडून असते. दुकान बंद करायला ‘वाढवणं’ म्हणणारी, घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारी ही भाषा आहे. तुमच्या पात्रांना टाळायला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि शेवटचं ‘तुमची चटणी’. पहिल्या वाक्यात ती ‘आपली चटणी’ म्हणते. प्रवेश संपताना ‘तुमची’. आधार कार्डाचं तिला नेमकं काय कळलं, किती कळलं, हे ती कुणालाच सांगत नाही, पण ‘आपली’ची ‘तुमची’ झाली. मराठीत ‘आपण’मध्ये समोरचा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये वगळलेला. भाऊ जेव्हा पहिल्यांदा ‘आमचं घर’ म्हणतो तेव्हा वाटणी झालेली असते, कागद नंतर होतो. तुमच्या संहितेत ‘आपण’, ‘आम्ही’, ‘आपलं’, ‘आमचं’, ‘तुमचं’ हे सगळे शब्द पेन्सिलनं गोल करून बघा. मला खात्री आहे, ते तुम्ही कानाला येतील तसे टाकले असतील. ते एका रेषेत लावले की पाच-सहा खुलाशाची वाक्यं आपोआप नको होतात.

इथं मी एक गोष्ट काढून टाकली तीही सांगतो. आपल्याकडच्या बायका घरात ‘मी येतो’, ‘मी जातो’ असं बोलतात. शालनही ‘जावं म्हणतो’ म्हणते. सुरुवातीला मी शेवटी तिच्या तोंडी ‘मी निघते’ घातलं होतं. माहेरची बोली सोडून ती एकदम परक्या घरात बोलावं तसं बोलते, आपल्या कानाला ते चटकन टोचतं. पण ‘तुमची’ आणि ‘निघते’ एकाच ठिकाणी आलं की पात्र मागं पडतं आणि लेखक पुढं दिसायला लागतो. शिवाय पुण्या-मुंबईच्या कानाला ‘निघते’ हेच बरोबर आणि आधीचं ‘जावं म्हणतो’ हीच चूक वाटते. तिथं तो बाण हवेत जातो. ‘आपली-तुमची’ सगळीकडे लागतं. म्हणून ते ठेवलं. तुमचं नाटक फक्त इथंच होणार असेल तर तुम्ही उलट करू शकता.

आणखी एक काढलं होतं. मिरच्या आहेत म्हटल्यावर तुमच्या मनात एव्हाना आलंच असेल : शालनच्या डोळ्यांत पाणी येतं, वहिनी विचारते काय झालं, ती म्हणते मिरची गेली डोळ्यात. माझ्याही दुसऱ्या खर्ड्यात होतं. प्रत्येकाच्या खर्ड्यात येतं, म्हणून काढलं. जे लपवायचं तेच प्रेक्षकाला बोट दाखवून सांगणारं हे वाक्य आहे.

आता तालमीचं. लिहून झालं म्हणजे काम झालं असं नाही, कारण नट सबटेक्स्ट ‘करायला’ जातात. आमची शालन चांगली अभिनेत्री होती, तिला आतला अर्थ नीट कळला होता, आणि तिथंच घोळ झाला. ‘आपली चटणी यंदा किती किलोची’ हे ती असं म्हणायची की आत्ताच कुणीतरी गेलंय. आवाज भरलेला, प्रत्येक वाक्याआधी पॉज. समोरचा माणूस अशा आवाजावर ‘काय झालं गं?’ विचारल्याशिवाय राहणारच नाही, आणि दादाला तर ते विचारायचंच नाही. म्हणजे प्रवेशच खोटा पडला.

मी दोन गोष्टी केल्या. तालमीत आठवडाभर त्यांना न बोललेलं वाक्य प्रत्येक संवादाआधी मोठ्यानं म्हणायला लावलं. ‘मला माझा वाटा दे. सहा?’ ‘मी विसार घेऊन बसलोय. माग?’ ऐकायला विनोदी वाटतं, हसूनही झालं. पण चार दिवसांनी ते वाक्य बसलं आणि मग मोठ्यानं म्हणणं बंद केलं. दुसरं, हाताचं काम खरं केलं. चहा ठेवायला वहिनी उठेपर्यंत चाळीस मिरच्यांचे देठ झाले पाहिजेत, मोजून. सुरुवातीला शालन चिडली. पण चाळीस मिरच्या करायच्या म्हटल्यावर आवाजात दुःख आणायला सवड राहत नाही. संवाद आपोआप साधे, थोडे घाईचे, कामात असलेल्या बाईचे झाले. मग मी एकच पॉज ठेवला, आधार कार्डाच्या आधी, जिथं मी कंसात ‘थोडा वेळ नुसते देठ’ लिहिलंय. तो तीन मिरच्यांचा होता. ‘तीन मिरच्या थांब’ म्हटलं की दादाला बरोबर कळायचं, ‘दोन सेकंद थांब’ म्हणून कळत नव्हतं.

संहिता बरोबर झाली की नाही हे ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. नाटकाशी संबंध नसलेल्या दोघांना तेवढाच प्रवेश वाचून दाखवतो, आधीचे फोन धरून, आणि विचारतो, कुणाला काय पाहिजे? ‘भावाला सही पाहिजे, बहिणीला पैसे पाहिजेत पण ती मागत नाही’ असं उत्तर आलं आणि ‘हे कुठं लिहिलंय’ म्हटल्यावर त्यांना वाक्य दाखवता आलं नाही, तर बरोबर आहे. वाक्य लगेच दाखवता आलं तर ते वाक्य काढतो. पण ‘काहीतरी लपवतायत दोघं’ असं उत्तर आलं तर ते कौतुक समजू नका. म्हणजे तुम्ही धुकं लिहिलंय. काय लपवलंय ते त्यांना कळलेलं नाही, आणि बहुधा तुम्हालाही मागच्या पानावर ते वाक्य पूर्ण लिहिता आलेलं नाही. तुम्ही आत्ता कापाकापी करून जिथं पोचलायत ती जागा हीच असावी असा माझा अंदाज आहे.

मग कधीच बोलायचं नाही का? बोलायचं. दोन अंक नुसते मिरच्यांवर निघत नाहीत, दुसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंत प्रेक्षकालाच ते असह्य व्हायला लागतं. माझ्या एकांकिकेत शालन शेवटी बोलली, पण डंकावर रांगेत पुढं बसलेल्या अनोळखी म्हातारीपाशी. “आमच्या आबांच्या घरात माझीबी एक खोली हाय,” एवढंच. म्हातारी कानानं अधू, ती म्हणाली, “व्हय, यंदा महागच हाय.” दादा तिच्या मागं पिशवी धरून उभा. त्यानं ऐकलं, आणि म्हातारीला ऐकू आलं नाही याचा त्यानं फायदा घेतला. तुमच्या नाटकात ते वाक्य भावासमोरच फुटायचं असेल तर फुटू दे, फक्त ते ठरलेल्या आकारात फुटू देऊ नका. ‘मला माझा वाटा दे’ असं मागच्या पानावर असलं तरी रंगमंचावर ते अर्धा किलो चटणीवरून, नको तितक्या मोठ्या आवाजात यावं.

तुम्ही कापलेले संवाद फेकू नका. ‘मुलगी म्हणून माझाही हक्क आहे’ हे माझ्या शालनच्या वहीत शेवटपर्यंत होतं, तालमीत तिला तेच पुरलं.

आणि चुकून मिरच्याच वापरणार असाल तर ऐका. आम्ही पहिल्या प्रयोगाला हौसेनं तीन किलो संकेश्वरी आणली. पंखे चालू, हॉल बंद. प्रवेश सुरू झाल्यावर पुढच्या दोन रांगा खोकायला लागल्या, त्यात ‘सहा’ कुणालाच ऐकू गेलं नाही. शालननं मध्येच त्याच हातानं डोळ्याला हात लावला आणि पुढचा अर्धा प्रवेश तिला खरंच दिसत नव्हतं. पुढच्या प्रयोगापासून फक्त ब्याडगी घेतली. तिला रंग भरपूर आणि तिखटपणा कमी. बिया आधी झटकून, सूप अर्धंच भरून, आणि विंगेत तेलाची वाटी, चहा ठेवायला गेल्यावर हाताला चोळायला.